चहाच्या वेळी हरवणारी डिस्क

माझी मावसबहीण इचलकरंजीत कर सल्लागार आहे. जीएसटीच्या विवरणपत्राची 20 तारीख जवळ आली की तिचा फोन येत नाही, पण गेल्या वर्षी एकदा 18 तारखेलाच आला. तिचा लॅपटॉप अधूनमधून मरत होता. मरत होता म्हणजे पडदा आहे त्या जागी गोठायचा, माउसचा बाण थोडा वेळ फिरायचा, मग तोही थांबायचा. थोड्या वेळाने निळा पडदा, मग आपोआप रीस्टार्ट, आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: No bootable device. सुरू करण्यासारखी डिस्कच या यंत्रात नाही, असं लॅपटॉप स्वतःच सांगत होता. पॉवरचं बटण दाबून धरून तो पूर्ण बंद केला आणि पुन्हा चालू केला की डिस्क हजर, फायली जागच्या जागी.

गावातल्या दुकानदाराने दोन मिनिटांत निदान केलं होतं: “एसएसडी गेली मॅडम, बदलून टाका.” नवीन एसएसडी, विंडोज पुन्हा टाकणं, डेटा हलवणं असा सगळा हिशेब त्याने कागदावर मांडूनही दिला होता. तिला तो पटला नाही, कारण गेलेली वस्तू रोज परत कशी येते, हा तिचा प्रश्न होता. माझ्या मते तो प्रश्न दुकानदाराच्या निदानापेक्षा जास्त शास्त्रीय होता.

“नेमकं कधी होतं गं?” मी विचारलं.

“तेच तर दादा. मी काम करत असते तेव्हा कधीच होत नाही. मोठमोठ्या एक्सेल उघडते, टॅली चालू असतं, काही नाही. चहा करायला उठते, परत येते, तर हा मेलेला.”

“लाइट असताना की नसताना?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “तू काय पंचांग बघून विचारतोयस का? लाइट गेलेली असली की हमखास होतं. असताना क्वचित.”

एवढं कळलं आणि निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं व्हायला मात्र तीन आठवडे लागले.

एसएसडी अधूनमधून गायब होते म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरायच्या, त्यांचा आवाज यायचा, मरायच्या आधी ती कुरकुरायची. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्या पट्टीवर साठवणुकीच्या चिपा असतात आणि त्यांच्याशेजारी एक कंट्रोलर नावाची चिप असते. ही कंट्रोलर म्हणजे एक स्वतंत्र छोटा संगणकच आहे. त्याचा स्वतःचा प्रोसेसर असतो, आणि त्यावर कंपनीने लिहिलेला एक प्रोग्रॅम अहोरात्र चालतो. त्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. लॅपटॉप साठवणुकीच्या चिपांशी कधीच थेट बोलत नाही, तो फक्त कंट्रोलरशी बोलतो. हा कंट्रोलर गोठला, किंवा त्याच्यापर्यंत जाणारी वाट तुटली, की चिपांत सगळा डेटा सुखरूप असूनही लॅपटॉपच्या दृष्टीने डिस्क अस्तित्वातच नसते. घर शाबूत आहे, पण दार उघडायला कोणी येत नाही, अशी ती स्थिती.

दार न उघडण्याची कारणं मुख्यतः तीन. वाटच नीट जोडलेली नाही; आतला माणूस फर्मवेअरच्या चुकीमुळे भोवळ येऊन पडला; किंवा तो इतका गाढ झोपला की हाक ऐकूनही उठेना. चौथं कारण, म्हणजे डिस्क खरोखर मरणं, असतंच. पण मरणारी डिस्क सहसा दुसऱ्या खुणा दाखवते, त्यांच्याकडे पुढे येतो.

या तिघांतला कोण, हे ठरवायला पहिला उपाय स्क्रू-ड्रायव्हर नसून वही आहे. डिस्क कधी गेली, तेव्हा लॅपटॉप काय करत होता, चार्जर लावलेला होता का, तो नुकताच हलवला होता का, तापलेला होता का, आणि ती परत कशी आली, हे सगळं लिहून ठेवायचं. विशेषतः शेवटचा प्रश्न बहुतेक लोक सोडून देतात. नुसत्या रीस्टार्टने परत आली, की पूर्ण बंद करावा लागला? रीस्टार्टमध्ये एसएसडीचा वीजपुरवठा सहसा तुटत नाही, म्हणून गोठलेला कंट्रोलर रीस्टार्टनंतरही गोठलेलाच राहतो. पूर्ण बंद केल्यावर वीज जाते, कंट्रोलर शून्यापासून सुरू होतो आणि डिस्क परत दिसते. बहिणीच्या लॅपटॉपचं अगदी हेच होत होतं. म्हणजे कंट्रोलर अडकत होता हे जवळजवळ नक्की. का अडकत होता, ते शोधायचं होतं.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन कोल्हापूरला आली. पहिलं काम म्हणून तिचं सगळं कार्यालयीन काम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. लहर लागेल तेव्हा नाहीशी होणाऱ्या डिस्कवर बॅकअपच्या आधी दुसरा कोणताही प्रयोग करू नये. प्रयोगातच ती कायमची गेली तर मग निदान बरोबर आलं काय आणि चुकलं काय.

मग विंडोजची नोंदवही, म्हणजे Event Viewer, उघडली. इथे एक गंमत आहे. विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच डिस्क गायब झाली, तर ती गायब झाल्याची नोंद लिहायची कुठे? वही चोरासोबतच गेलेली असते. त्यामुळे अशा बिघाडात नोंदी अनेकदा अजिबात सापडत नाहीत, आणि नोंद नाही म्हणून बिघाड नाही असं समजणारे फसतात. बहिणीच्या लॅपटॉपवर मात्र दोन नोंदी मिळाल्या. क्रमांक 129, उगम stornvme, मजकूर असा की डिस्कला रीसेटचा आदेश दिला गेला. त्या दोन्ही वेळी लॅपटॉप थोडा वेळ अडकून पुन्हा आपोआप चालू झाल्याचं तिला आठवत होतं. म्हणजे त्या दोनदा हाक मारल्यावर कंट्रोलर उशिरा का होईना उठला होता.

दुसरा साक्षीदार म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेला आरोग्याचा तक्ता. CrystalDiskInfo नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तो दाखवतो. त्यात मी चार ओळी वाचल्या. Percentage Used, म्हणजे डिस्कचं आयुष्य किती वापरलं गेलं, फक्त 4. Media and Data Integrity Errors, म्हणजे चिपांवरचा डेटा वाचताना झालेल्या चुका, शून्य. Power Cycles, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली, सहाशेच्या आसपास. आणि Unsafe Shutdowns, म्हणजे ‘आता बंद होतोय’ असं न सांगता किती वेळा तिची वीज गेली, 143. ही शेवटची ओळ वाचली आणि दुकानदाराचं निदान बाजूला ठेवलं. झिजलेली डिस्क असती तर पहिल्या दोन ओळी बोलल्या असत्या. इथे चिपा ठणठणीत होत्या आणि दर चार वेळांमागे एकदा तिचं वीजबटण गळा दाबल्यासारखं दाबलं जात होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची नसेल, तर अजून थोडं खोदायला हवं होतं.

ही डिस्क एम डॉट टू पद्धतीची होती. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तीच असते: 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब, च्युइंगमच्या पट्टीसारखी. तिच्या एका टोकाला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. ही टोकं साठाहून जास्त असतात आणि दोन टोकांच्या मध्यांमधलं अंतर असतं अर्धा मिलिमीटर. या रांगेतून वीजही येते आणि डेटाही जातो. पट्टी खाचेत तिरकी सारायची, मग खाली दाबायची आणि दुसऱ्या टोकाला एका बारीक स्क्रूने बसवायची, एवढीच तिची पकड. पट्टी केसभर बाहेर राहिली, स्क्रू सैल असला, किंवा वर चिकटवलेली उष्णतेची गादी जास्त जाड असल्याने पट्टी वाकली, तर काही टोकं कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. अशा जोडणीच्या दोषाची लक्षणं वेगळी असतात. लॅपटॉप उचलला, झाकण जोरात मिटलं, एसटीतून प्रवास झाला, किंवा तासभर काम करून तो तापला, की डिस्क जाते. धातू आणि प्लास्टिक गरम झाल्यावर किंचित फुगतात. नीट टेकलेल्या टोकाला त्याने फरक पडत नाही, जेमतेम टेकलेल्याला पडतो.

यंत्र न उघडता मिळणारी एक खूणही आहे, आणि मला ती फार आवडते. या डिस्का डेटाची ने-आण साधारणपणे चार मार्गिकांवरून करतात. एखाद्या मार्गिकेचं टोक नीट टेकलं नाही तर जोडणी उरलेल्यांवर भागवते आणि मुकाट कमी मार्गिकांवर चालते. CrystalDiskInfo मध्ये Transfer Mode समोर दोन आकडे दिसतात: डावीकडे सध्या चालू असलेला वेग, उजवीकडे डिस्कची क्षमता. दोन्हीकडे x4 असेल तर मार्गिका पूर्ण आहेत. डावीकडे x2 किंवा x1 दिसलं, आणि खाचच तेवढ्या मार्गिकांची नसली, तर जोडणीवर संशय घ्यायला जागा आहे. बहिणीच्या डिस्कला दोन्हीकडे x4 होतं.

तरी उघडून पाहिलं, कारण ही डिस्क मूळची नव्हती. जुनी छोटी काढून दुकानदाराने मोठी बसवून दिली होती. उघडण्याआधी शिफ्टचं बटण दाबून धरून Shut down केलं, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. चार्जर काढला. मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली; ती तशीच ठेवून एसएसडीला हात लावणं म्हणजे चालू तारेवर काम करणं. अंगावरची स्थिर वीज घालवायला धातूच्या नळाला हात लावून आलो. आणि पाहतो तर पट्टीचा स्क्रू खरंच दोन आटे सैल होता.

“बघ, सापडलं!” बहीण म्हणाली. मीही मनातून खूश झालो, ते कबूल करतो. पट्टी काढली, सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली, वाळू दिली, पुन्हा तिरकी धरून तळापर्यंत सारली. नीट बसली की सोनेरी रेघ दोन्ही बाजूंना सारखी आणि अगदी बारीक दिसते. एका बाजूला जास्त दिसत असेल तर पट्टी वाकडी बसली आहे. स्क्रू थांबेल तिथपर्यंत फिरवला, त्यापुढे नाही. हा उद्योग हौसेने पुन्हा पुन्हा करू नये. या खाचा जेमतेम 60 वेळा घालण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.

टेबलावरच्या मोठ्या संगणकात साटा पद्धतीची, वायरने जोडलेली एसएसडी असेल तर हेच काम सोपं असतं. तिथे दोषी सहसा वायर असते, आणि तिची चुगली आरोग्याच्या तक्त्यातली C7 ही ओळ करते. वायरीतून येता-जाता डेटा बिघडला की तो आकडा वाढतो आणि वाढलेला कधी कमी होत नाही. आजचा आकडा लिहून ठेवायचा, वायर बदलायची, आठवड्याने पुन्हा पाहायचा. थांबला असेल तर प्रश्न सुटला.

बहीण इचलकरंजीला परत गेली. चार दिवस लॅपटॉप शहाण्यासारखा वागला आणि पाचव्या दिवशी, लाइट गेलेली असताना, चहाच्या वेळी, डिस्क गेली. Unsafe Shutdowns 144.

अधूनमधून येणाऱ्या बिघाडात माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. काहीतरी सैल सापडलं, ते घट्ट केलं, दोन दिवस बरे गेले, म्हणजे दुरुस्ती झाली असं वाटतं. पण जो बिघाड सरासरी दोन दिवसांनी येतो आणि कधीही येऊ शकतो, तो काहीही न करता चार दिवस गप्प बसण्याची शक्यता सात-आठात एक असते. म्हणून मी एक हिशेब पाळतो: बिघाडाच्या सरासरी अंतराच्या तिप्पट काळ शांततेत गेला तरच उपाय लागू पडला असं मानायचं. तेव्हा निव्वळ योगायोगाची शक्यता शंभरात पाचावर येते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशाने गेला ते कधीच कळत नाही.

आता फर्मवेअर. फर्मवेअरच्या चुकीने डिस्क गायब होण्याचं एक उदाहरण इतकं नमुनेदार आहे की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्रुशियल कंपनीची एम-4 ही एसएसडी 2011 मध्ये खूप खपली. काही महिन्यांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या: संगणक अचानक गोठतो, बंद करून चालू केला की ठीक, पण बरोबर तासाभराने पुन्हा गोठतो, आणि मग दर तासाला. कारण सापडलं ते असं की, डिस्क एकूण 5,184 तास चालू राहिली की तासांची मोजणी ठेवणाऱ्या आरोग्याच्या तक्त्यासंबंधीच्या एका चुकीमुळे कंट्रोलर उत्तर देणं बंद करायचा. 5,184 तास म्हणजे बरोबर 216 दिवस. दिवसरात्र संगणक चालू ठेवणारे आधी सापडले. रोज आठ तास वापरणाऱ्याला ती वेळ यायला पावणेदोन वर्षांहून जास्त लागली असती. जानेवारी 2012 मध्ये कंपनीने 0309 या क्रमांकाचं नवीन फर्मवेअर दिलं आणि त्याच डिस्का पुढे नीट चालल्या. एकही चिप बदलावी लागली नाही.

दुसरं उदाहरण याहून भीषण आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपी एंटरप्राइज कंपनीने सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला की, फर्मवेअर बदललं नाही तर त्या 32,768 तासांनी, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी, बंद पडतील. आणि तेव्हा डिस्क परत येत नाही, डेटाही नाही. 32,768 म्हणजे दोनाचा पंधरावा घात, हे संगणक शिकलेल्या कुणाच्याही लगेच लक्षात येईल. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का एकाच दिवशी जाणार, त्यामुळे एक गेली तर दुसरी आहे हा सर्व्हरवाल्यांचा नेहमीचा भरवसाही तिथे कामाचा नव्हता.

या दोन्हींत खूण एकच आहे: घड्याळ. बिघाड ठराविक अंतराने येत असेल, किंवा ठराविक तास उलटल्यावर सुरू झाला असेल, तर संशय फर्मवेअरवर घ्यायचा. बहिणीचा बिघाड घड्याळ पाळत नव्हता, चहा पाळत होता. तरीही फर्मवेअर तपासणं पाच मिनिटांचं काम आहे. डिस्कचं नेमकं मॉडेल आणि चालू फर्मवेअरचा क्रमांक CrystalDiskInfo मध्ये वरच दिसतो. तो डिस्कच्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. लॅपटॉपसोबत मूळची आलेली डिस्क असेल, तर फर्मवेअर लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यायचं. सारख्याच दिसणाऱ्या पण दुकानात सुट्या मिळणाऱ्या डिस्कचं तिच्यावर सहसा चढत नाही. चढवताना चार्जर लावलेला असावा. तिच्या डिस्कचं फर्मवेअर ताजंच निघालं. लॅपटॉपच्या बायोसची मात्र नवीन आवृत्ती होती, ती चढवली. तिसऱ्या दिवशी डिस्क पुन्हा गेली. 145.

राहिली झोप.

संगणकाची बॅटरी वाचवण्यासाठी एसएसडीला झोपवण्याची सोय असते, आणि ही झोप एका पातळीची नसते. एनव्हीएमई पद्धतीची डिस्क आपल्या वीजवापराच्या पायऱ्या स्वतःच जाहीर करते: कामात असताना काही वॅट, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एका वॅटचा काही हजारावा भाग. प्रत्येक पायरीवरून जागं व्हायला किती वेळ लागेल, हेही ती सांगते. गाढ झोपेतून उठायला डुलकीपेक्षा जास्त वेळ लागतो, माणसासारखंच. याशिवाय डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ताही झोपतो. त्या रस्त्याची झोप वेगळी आणि तिच्या पातळ्याही वेगळ्या. डिस्क झोपली, रस्ता झोपला, आणि मग आपण चहा पिऊन येऊन एक बटण दाबलं की सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात दोघांनी ठरलेल्या क्रमाने उठायचं असतं. एकाने आधी हाक मारली आणि दुसरा अजून डोळे चोळत असला, किंवा उठताना वीज हवी तेवढी झपाट्याने आली नाही, तर कंट्रोलर अर्धवट उठून तिथेच अडकतो.

हे कसं घडतं, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला लिनक्सच्या इतिहासात आहे. 2017 मध्ये लिनक्सच्या 4.11 या आवृत्तीत एनव्हीएमई डिस्कांना आपणहून गाढ झोपू देण्याची सोय आली. तेव्हा असं दिसून आलं की सॅमसंगच्या काही डिस्का अचानक नाहीशा होतात, पण फक्त डेलच्या दोन लॅपटॉप मॉडेलांत. त्याच डिस्का दुसऱ्या यंत्रांत मजेत झोपत आणि उठत होत्या. पुढे सॅमसंगचीच आणखी एक डिस्क एसुसच्या एका मदरबोर्डवर यंत्र झोपवून उठवल्यानंतर गायब होते, असं आढळलं. एकटी डिस्क दोषी म्हणावी तर ती दुसरीकडे नीट, आणि एकटं यंत्र दोषी म्हणावं तर तसा पुरावा नाही. दोष जोडीचा होता, पत्रिका न जुळल्यासारखा. लिनक्सच्या लेखकांनी मग कोडमध्येच ती जोडपी लिहून टाकली: ही डिस्क या यंत्रात दिसली तर तिला सगळ्यात गाढ झोपेत जाऊ द्यायचं नाही. डिस्क बदलली नाही, यंत्र बदललं नाही, फक्त झोप उथळ केली, आणि बिघाड गेला.

लिनक्स वापरणाऱ्यांना अशा वेळी एक विशिष्ट ओळ दिसते:

```
nvme nvme0: controller is down; will reset: CSTS=0xffffffff
```

त्यातले आठ f दिसायला निरर्थक वाटतात, पण त्यांचा अर्थ सरळ आहे. प्रोसेसरने डिस्कला विचारलं, तुझी स्थिती काय? पलीकडून कुणी उत्तरच दिलं नाही तर तारांवर सगळे एकच वाचले जातात, आणि सगळे एक म्हणजे ही f ची रांग. म्हणजे डिस्कने चुकीचं उत्तर दिलेलं नाही, ती रस्त्यावरच नाही. लिनक्सच्या नव्या आवृत्त्या याच्या पुढच्या ओळींत वीज वाचवण्याची सोय सदोष आहे का, असं विचारून करून पाहण्याचा उपायही सुचवतात: सुरुवातीच्या आदेशात `nvme_core.default_ps_max_latency_us=0` आणि `pcie_aspm=off` घालणं. पहिल्याने डिस्कची आपोआप झोप बंद होते, दुसऱ्याने रस्त्याची. इतकं स्वच्छ निदान छापणारी ओळ विंडोजमध्ये असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

बहिणीच्या विंडोजमध्ये रस्त्याच्या झोपेचं नाव आहे Link State Power Management. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंग्जच्या यादीत PCI Express खाली ते सापडतं, आणि त्यात बॅटरीवर असताना आणि चार्जरवर असताना अशा दोन वेगळ्या निवडी असतात. तिच्या लॅपटॉपवर चार्जरसाठी मध्यम बचत होती आणि बॅटरीसाठी कमाल. लाइट गेली की डिस्क का जायची, याचं उत्तर त्या दोन शब्दांत होतं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा, रस्ता जास्त गाढ झोपायचा, आणि चहा होईपर्यंत काम थांबल्यामुळे त्याला झोपायला भरपूर वेळ मिळायचा. ती कामात असताना झोपच लागत नव्हती, म्हणून एक्सेल आणि टॅली कधी दगावले नाहीत.

काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ यादीत दिसत नाही. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट Run as administrator ने उघडून हे टाइप करावं:

```
powercfg /setacvalueindex SCHEME_CURRENT SUB_PCIEXPRESS ASPM 0
powercfg /setdcvalueindex SCHEME_CURRENT SUB_PCIEXPRESS ASPM 0
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

पहिली ओळ चार्जरवरची, दुसरी बॅटरीवरची. शून्य म्हणजे रस्त्याची झोप बंद.

दोन्ही बंद केलं. पहिला आठवडा शांत, दहावा दिवसही शांत. बिघाड आधी दोन-तीन दिवसांआड येत होता, म्हणजे माझ्या तिप्पट अंतराच्या हिशेबात हे बसत होतं. तरीही तिला फोन करून सांगितलं की बॅटरीवरची निवड पुन्हा कमाल बचतीवर ठेव.

“आता बरं चाललंय तर मुद्दाम कशाला बिघडवायचं?” ती वैतागली.

“तू ताळेबंद जुळला तरी एकदा उलटा तपासतेस ना? तसंच.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. लाइट गेली होती, चहा झाला होता, डिस्क गेली होती. 146. इतकं आनंदाने सांगितलेला बिघाड मी दुसरा ऐकलेला नाही. निवड पुन्हा बंद केली आणि ती तशीच ठेवली.

या उपायाची किंमत आहे, ती सांगायला हवी. रस्ता जागा राहिला की थोडी वीज जास्त जाते. तिच्या अंदाजाने बॅटरी पंधरा-वीस मिनिटं कमी चालते. दुसरं म्हणजे हे मूळ दोषाचं औषध नसून पथ्य आहे. ती डिस्क आणि तो लॅपटॉप यांचं अजूनही जमत नाही, फक्त भांडण होईल असा प्रसंग टाळला आहे. पुढे डिस्क किंवा लॅपटॉप कंपनीने नवीन फर्मवेअर दिलं, तर झोप पुन्हा चालू करून पाहता येईल.

आणि हे सगळं करूनही डिस्क जात राहिली, तर दुकानदार बरोबर असू शकतो. झोप बंद असतानाही भर कामात ती जात असेल, दुसऱ्या यंत्रात बसवूनही जात असेल, पूर्ण बंद करून चालू केल्यावरही बायोसमध्ये दिसत नसेल, डेटातल्या चुकांचा आकडा वाढत असेल, किंवा एके दिवशी ती स्वतःची क्षमता भलतीच सांगू लागली असेल, तर वाट पाहू नये. शेवटची खूण काल्पनिक नाही. 2011 मध्ये इंटेलच्या 320 मालिकेतल्या काही डिस्का अचानक वीज गेल्यानंतर आपली क्षमता फक्त 8 मेगाबाइट सांगू लागल्या होत्या. वॉरंटी शिल्लक असेल तर ती वापरावी, आणि दाव्याबरोबर आरोग्याच्या तक्त्याचा फोटो आणि आपली वही जोडावी. “मधेच जाते” या दोन शब्दांना दुकानात उत्तर मिळत नाही, तारीख-वेळ लिहिलेल्या पानाला मिळतं.

बहिणीचं विवरणपत्र त्या महिन्यात 20 तारखेलाच गेलं, माझ्या जुन्या लॅपटॉपवरून. तिचा लॅपटॉप त्यानंतर दुकानात गेलेला नाही. परवा ती आली तेव्हा मी आरोग्याचा तक्ता उघडून पाहिला. Unsafe Shutdowns अजून 146 आहे.